एक्स-रेची फिल्म, खिडकी आणि फोन: सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

11 फेब्रुवारी 2025

अक्कलकोट तालुक्यातल्या एका दवाखान्यातून काम आलं आहे. तिथल्या मॅडम छातीच्या फिल्मचे फोटो सोलापुरातल्या छातीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. सर प्रत्येक वेळी एकच उत्तर देतात, "फोटोवरून सांगता येत नाही, फिल्म पाठवा." फिल्म एसटीने येते, नातेवाईक घेऊन येतात, अर्धा दिवस जातो. मॅडमना वाटतं फोन जुना आहे, नवा घेतला की झालं. मला विचारलं ते कुठला फोन घ्यावा एवढंच.

फोन सुचवण्याआधी मी त्यांच्याकडचे जुने फोटो आणि एक अडलेली केस मागितली. केस अशी: मोटरसायकलवरून पडलेला तरुण. उजव्या बाजूला छातीत दुखतंय, श्वास घेताना जास्त, ऑक्सिजन 95. उभं राहून छातीचा एक्स-रे झाला आणि फिल्म दवाखान्याच्या खिडकीला धरून फोटो काढला. फोटोत बरगड्या स्वच्छ, हृदय स्वच्छ, दोन्ही फुप्फुसं काळी. मॅडमना वेगळं काही वाटलं नाही. सरांनी तरीही फिल्म मागवली, कारण मार लागलेल्या छातीत त्यांना नेमकं जे पाहायचं होतं ते त्या काळ्या भागातच असतं. मागून एकसारखा उजेड देणाऱ्या व्ह्यू बॉक्सवर लावल्यावर उजव्या कॉलर बोनच्या खाली एक बारीक पांढरट रेघ निघाली. रेघेच्या आत रक्तवाहिन्यांच्या फांद्या दिसत होत्या, बाहेर नुसता काळा पट्टा. छोटा न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा शिरलेली. मुलाला निरीक्षणाखाली ठेवून पुन्हा एक्स-रे काढायचं ठरलं. तो बरा आहे.

हीच केस धरून काम करायचं. एक्स-रे सेंटरवरच्या अण्णांनी घरच्यांच्या परवानगीने मूळ फाइलवरून नाव काढून तीच फिल्म पुन्हा प्रिंट करून दिली. खिडकीतला फोटो माझ्याकडे आहेच.

13 फेब्रुवारी

आधी फिल्म कुठे किती काळी आहे ते मोजलं. त्यासाठी लागणारा डेन्सिटोमीटर नाही, म्हणून वर्कशॉपमधला जुना व्ह्यू बॉक्स, काळ्या पुठ्ठ्यात पाडलेलं दोन सेंटिमीटरचं भोक आणि भोकावर टेकवलेला लक्स मीटर. फिल्म न ठेवता भोकातून 860 लक्स. हृदयाच्या सावलीवर ठेवली तर 270. फुप्फुसाच्या मध्यावर 8.5. अंगाच्या बाहेरच्या पूर्ण काळ्या भागावर 0.9.

हे आकडे फिल्मच्या भाषेत असे: उजेडाचा दहावा भाग पार गेला तर डेन्सिटी 1, शंभरावा गेला तर 2, हजारावा गेला तर 3. म्हणजे हृदय सुमारे 0.5, फुप्फुस 2 आणि बाहेरचा काळा भाग जवळजवळ 3. एकाच फिल्मवर सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागात शेकडोपट फरक. डॉक्टर हे सगळं एका नजरेत पाहत नाहीत. काळ्या भागाकडे बघताना जवळ जातात, हृदयाचा उजळ भाग हाताने झाकतात, जुने रेडिओलॉजिस्ट तर त्या कोपऱ्याखाली वेगळा प्रखर दिवा धरतात. फिल्ममध्ये माहिती असतेच, जादा उजेड दिला की ती बाहेर येते. फोटो मात्र एकदा जो उजेड टिपला तेवढ्यावरच थांबतो. नंतर स्क्रीनचा ब्राइटनेस कितीही वाढवा, न टिपलेलं येत नाही.

रेघेबाहेरचा काळा पट्टा माझ्या भोकापेक्षा अरुंद आहे. डोळ्यांना तो फुप्फुसापेक्षा थोडाच काळा वाटतो, म्हणून पुढच्या हिशेबात तिथे 2.2 धरतो.

17 फेब्रुवारी

आज खिडकी.

वर्कशॉपची खिडकी उत्तरेला आहे, समोर आकाश आणि शेजारच्या इमारतीची चुना मारलेली भिंत. फिल्म काचेला चिकटवली. फिल्मच्या एका कोपऱ्यावर इलेक्ट्रिकची काळी टेप लावली आणि तिच्या मागे अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा. त्या जागेतून उजेड पार जाऊच शकत नाही, तेव्हा फोटोत ती जागा निखळ काळी यायला हवी.

आली नाही. फोटो संगणकावर उघडून टेपच्या जागेचे आकडे वाचले तर 33 च्या आसपास. पूर्ण काळ्याला 0, पूर्ण पांढऱ्याला 255 असा हा मोजदाद. फोनच्या आकड्यांवरून उजेड काढायचा तर ते सरळ प्रमाणात नसतात. ढोबळ हिशेबाने 33 म्हणजे खिडकीच्या उजेडाच्या सुमारे एक टक्का. जिथून काहीच येत नाही तिथे एक टक्का उजेड आला कुठून?

दोन ठिकाणांहून. फिल्मच्या चारही बाजूंना उघडी काच होती आणि तिथून येणारा झगझगीत उजेड लेन्सच्या आत इकडेतिकडे परावर्तित होऊन सगळ्या चित्रावर धुकं पसरवतो. दुसरं, खोलीतला उजेड फिल्मच्या चकचकीत पृष्ठभागावरून परततो. आजच्या एका फोटोत माझ्या पांढऱ्या शर्टाची आणि हातातल्या फोनची आकृती उजव्या फुप्फुसावर अगदी ओळखू येत होती.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. आता आपल्या केसवर तो लावून पाहू. खिडकीचा उजेड 1000 धरला तर फुप्फुसातून (डेन्सिटी 2) 10 पार येतो आणि बाहेरच्या हवेच्या पट्ट्यातून (2.2) 6.3. पट्टा फुप्फुसापेक्षा 37 टक्के काळा. हा फरक डोळ्यांना पुरेसा आहे. आता दोन्हीवर धुक्याचे 10 चढवा: 20 आणि 16.3. फरक उरला 18 टक्के. लेन्सवर बोटाचे तेलकट डाग असतील, आणि दवाखान्यातल्या फोनवर असतातच, तर धुकं तीन टक्क्यांवर जायला वेळ लागत नाही. मग 40 आणि 36.3, फरक नऊ टक्के. म्हणजे गाभ्याचा मुद्दा हा आहे की धुकं उजळ भागाचं काहीच बिघडवत नाही. हृदयातून 316 येत होते, ते 326 झाले, कोणाच्या लक्षातही येणार नाही. मार बसतो तो काळ्या भागालाच. म्हणूनच त्या फोटोत बरगड्या आणि हृदय इतके स्वच्छ होते आणि बघणाऱ्याला फोटो चांगला आल्यासारखा वाटला.

ह्याच्यावर ऑटो एक्स्पोजर. फोन चित्रातला बराचसा भाग उजळ आहे हे पाहून उजेड कमी करतो, आकाश पांढरं फटक होऊ नये म्हणून. खिडकी 255 च्या जवळ ठेवली की फुप्फुस 31 वर येतं आणि हवेचा पट्टा 26 वर. हे धुक्याशिवाय, धुकं धरून 43 आणि 39. म्हणजे जी रेघ शोधायची तिच्या दोन बाजूंमध्ये 255 पैकी चार पायऱ्यांचा फरक. तेवढा फरक सेन्सरच्या स्वतःच्या खरखरीतच बुडतो, आणि ती खरखर पुसायला फोन जे गुळगुळीत करतो त्यात उरलासुरला जातो.

नव्या फोनने ह्यातलं फारसं सुटणार नाही. मॅडमना फोन करून तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग खर्च वाचला म्हणायचा की!" खर्च थोडा होणारच आहे, पण फोनवर नाही.

18 फेब्रुवारी

पाठवण्याचा भाग. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण 1600 पिक्सेलवर येतो. मॅडमच्या फोटोत फिल्म चौकटीच्या निम्म्याहून थोडी जास्त जागा व्यापते, बाकी ग्रिल आणि पडदा. 17 इंच, म्हणजे 43 सेंटिमीटर फिल्मला मिळाले सुमारे 960 पिक्सेल. एक पिक्सेल जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा. ती रेघ मिलिमीटरभरही जाड नाही. तिच्या वाट्याला एकदोन पिक्सेल, आणि फाइल लहान करताना फिका, बारीक तपशील सगळ्यात आधी टाकला जातो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. ह्यावर अजून काही करायची गरज नाही.

24 फेब्रुवारी

उजळ आणि गडद भाग एकाच फोटोत बसवणारं फोनमधलं एचडीआर चालू करून पाहा असं अण्णांनी सुचवलं, त्यांचा पुतण्या लग्नाचे फोटो काढतो. पाहिलं. पहिल्या नजरेला चित्र खरंच सुधारतं: फुप्फुसं उघडतात, हृदयही दिसतं. पण फोन प्रत्येक भाग त्याच्या आजूबाजूच्या मानाने उजळ-गडद करत असतो. त्यामुळे "हा भाग त्या भागापेक्षा काळा आहे" ह्या वाक्याला अर्थच राहत नाही, आणि डॉक्टर तर त्याच तुलनेवर निदान करतात. आपल्या केसमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या शेंड्याजवळचा काळा पट्टा आणि डावीकडचं निरोगी फुप्फुस एचडीआर फोटोत जवळजवळ सारख्याच करड्या रंगाचे आले.

त्याहून वाईट गोष्ट दुसरी. फोन कडा ठसठशीत करतो, म्हणजे प्रत्येक कडेच्या बाजूने एक उजळ आणि एक काळी किनार घालतो. डाव्या बाजूला खांद्याच्या पात्याची आतली कड फुप्फुसावर येते. एचडीआर फोटोत त्या कडेलगत अशी किनार उमटली की ती हुबेहूब फुप्फुसाच्या कडेसारखी दिसत होती. सर फोटो बघून दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "हे डावीकडे काय नवीन?" मग फिल्म हातात घेतली. फिल्मवर ती कड खाली-बाहेर जाऊन पात्यालाच मिळते, आणि तिच्या बाहेरही रक्तवाहिन्यांच्या फांद्या सरळ पुढे जातात. खऱ्या न्यूमोथोरॅक्समध्ये रेघेबाहेर फांद्या नसतात. पात्याची कड फिल्मवरही फसवते, हे सरांनीच सांगितलं, पण तिथे फांद्या बघून फसवणूक उघडी पडते. फोटोत फांद्याच पुसट असतील तर उघडी कशाने पडणार?

एचडीआर आणि नाइट मोड बंद. फोटोनंतरचं "एन्हान्स" बटणही.

3 मार्च

उन्हाचा तडाखा आताच सुरू झाला आहे. पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये दुपारी काम होत नाही, म्हणून आजचं सगळं सकाळी उरकलं.

नवा व्ह्यू बॉक्स विकत घ्यायची गरज नाही. फॉल्स सीलिंगमध्ये बसवतात ते दोन बाय दोन फुटांचं 36 वॉटचं एलईडी पॅनेल नव्या पेठेत सहज मिळतं. त्याचा पांढरा डिफ्यूझर बऱ्यापैकी एकसारखा उजळतो. लक्स मीटर पृष्ठभागाला टेकवून नऊ जागी मोजलं: मध्ये 9,600 लक्स, कोपऱ्यांत 8,300. तीनाने भागलं की ढोबळमानाने चौरस मीटरला 3,000 कॅन्डेला, चांगल्या व्ह्यू बॉक्सच्या तोडीचं.

खरं काम पॅनेलचं नाही, झाकणाचं आहे. छातीची मोठी फिल्म 35 बाय 43 सेंटिमीटर, पॅनेल 60 बाय 60. उरलेली उजळ चौकट तशीच सोडली तर खिडकीचाच प्रकार पुन्हा होतो. काळ्या जाड कार्डशीटमध्ये फिल्मच्या मापाच्या खिडक्या कापल्या, 14 बाय 17 ची एक आणि 10 बाय 12 ची एक, कड फिल्मवर अर्धा सेंटिमीटर चढेल अशी. टेपचा तुकडा त्याच कोपऱ्यावर ठेवून दोन फोटो काढले, एक्स्पोजर लॉक करून. कार्डशीटशिवाय टेप गडद करडी. कार्डशीट लावून, खोलीतली ट्यूब बंद करून आणि खिडकीवर सोलापुरी चादर टाकून टेप 9 वर. (चादर पडद्यापेक्षा सरस ठरली, जाड विणीमुळे.) मग चित्राची कमाल मर्यादा आकाशाऐवजी फुप्फुसाला धरून एक्स्पोजर वाढवलं. फुप्फुस 118, हवेचा पट्टा 96. खिडकीत जिथे चार पायऱ्या होत्या तिथे आता बावीस. रेघ दिसली. फोन तोच, मॅडमचाच जुना.

एक अडचण: फोटोत आडवे पट्टे. स्वस्त पॅनेल त्याला वीज देणाऱ्या ड्रायव्हरमुळे वीजपुरवठ्याबरोबर सेकंदाला 100 वेळा उजळ-मंद होतं. डोळ्यांना कळत नाही, पण फोन चित्र ओळीओळीने वाचतो, त्याला कळतं. शटर 1/50 ठेवलं की प्रत्येक ओळीला पूर्ण दोन हेलकावे मिळतात आणि पट्टे जातात. आयएसओ 100 आणि शटर 1/50 हे फुप्फुसाला बरोबर बसतं. हे ज्यांच्या फोनमध्ये हाताने लावता येत नाही त्यांनी फुप्फुसाच्या मध्यावर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर लॉक झालं की सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवायचं.

10 मार्च

फुप्फुसाला बरोबर बसलेल्या फोटोत हृदय पांढरं फटक झालं. ते होणारच. फुप्फुसापेक्षा तिथून तीसपट उजेड येतो. हृदयामागे लपलेला न्यूमोनिया किंवा गाठ पाहायची तर त्या भागासाठी वेगळा फोटो हवा. एका फोटोत सगळं बसवायचा हट्ट केला की एचडीआरकडेच जावं लागतं. म्हणून एका फिल्मचे दोन फोटो: एक फुप्फुसाचा, एक हृदयाचा, फोन न हलवता. तिसरा, शेंड्यांचा जवळून, मार लागलेल्या रुग्णात.

हृदयाच्या फोटोला शटर फार वेगवान ठेवावं लागतं, 1/1000 च्या आसपास, आणि तिथे पट्टे पुन्हा येतात. ड्रायव्हर बदलला. फ्लिकर-फ्री असं छापलेला घ्यायचा, पण छापलेल्यावर विसंबायचं नाही: दुकानातच फोनचं शटर वेगवान करून पॅनेलचा फोटो काढायचा, पट्टे आले तर परत द्यायचा. दुकानदार आधी वैतागला, मग त्याने स्वतःच्या फोनवर करून पाहिलं आणि दोन ड्रायव्हर बाजूला काढून ठेवले.

19 मार्च

सरांना अण्णांकडच्या जुन्या, नाव काढलेल्या फिल्म दाखवल्या. आधी पॅनेलवरचे फोटो, मग फिल्म. त्यांचं मत जसंच्या तसं लिहितो, कारण ते माझ्या अपेक्षेपेक्षा कडक आहे: "फोटोत दिसलं तर मी विश्वास ठेवीन. फोटोत नाही दिसलं तर नाही आहे असं म्हणणार नाही."

म्हणजे दिसलेल्या न्यूमोथोरॅक्सवर ते लगेच कामाला लागतील, रुग्णाला बोलावून घेतील. पण फोटो स्वच्छ आहे म्हणून दुखणाऱ्या छातीच्या मुलाला घरी पाठवणार नाहीत. त्या मुलाच्या पॅनेल फोटोत रेघ स्पष्ट होती. दुसऱ्या एका फिल्ममध्ये बरगडीचा केसासारखा तडा फोटोत कुठेच मिळाला नाही, फिल्मवर भिंगाने मिळाला. मला ही अट रास्त वाटते.

आणि मुळात फिल्मच कशाला? अण्णांच्या मशीनवर चित्र आधी डिजिटल असतं, हजारो पायऱ्यांचं. फिल्मवर प्रिंट करताना त्यातली एक निवड गोठवली जाते, आणि आपण त्या निवडीचा फोटो काढतो. सेंटरवरून मूळ डायकॉम फाइल मिळाली तर सर स्वतःच्या संगणकावर हवा तो भाग उजळ करून बघू शकतात, ना खिडकी, ना पॅनेल. अण्णा म्हणतात, "मागितली तर देतो की, मागतंय कोण?" सीडी देतात, पेनड्राइव्हवरही देतात. दवाखान्यात सीडी ड्राइव्ह नाही. मॅडमना सांगितलं आहे, पेशंटबरोबर चिठ्ठीत "फिल्म + डायकॉम फाइल" असं लिहायचं. पॅनेल उरतो तो जुन्या फिल्मसाठी आणि जिथून फाइल मिळत नाही तिथल्या रुग्णांसाठी.

27 मार्च

पॅनेल दवाखान्यात बसवलं. दवाखान्यातले मामा आता फोटो काढतात. त्यांच्यासाठी भिंतीवर लावलेला कागद असा:

लेन्स सुती कापडाने पुसा. ट्यूब बंद, चादर ओढा, अंगावर पांढरा शर्ट असेल तर बाजूला उभे राहा. फिल्मवरचं आर किंवा एल अक्षर सरळ वाचता येतं का पाहा, उलटं दिसत असेल तर फिल्म पालटा. नावावर पट्टी ठेवा. काळी कार्डशीट लावा, कोपऱ्यातली टेप फोटोत दिसली पाहिजे. एचडीआर बंद. फुप्फुसावर बोट दाबून पहिला फोटो, हृदयावर दाबून दुसरा. फोटो उघडून टेप बघा: करडी दिसत असेल तर कुठून तरी उजेड आत येतोय, तो शोधा आणि पुन्हा काढा. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

उलट्या फिल्मची ओळ मामांनी घालायला लावली. अर्धी पारदर्शक फिल्म दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, आणि खिडकीला घाईत धरताना ती पालटली की उजवीकडचा न्यूमोथोरॅक्स डावीकडे जातो. जुन्या फोटोंमध्ये असे दोन मिळाले, हृदयाचं टोक रुग्णाच्या उजवीकडे.

पुढचं काम मनगटाच्या फिल्मचं. स्कॅफॉइड हाडाचा तडा छातीतल्या रेघेपेक्षाही बारीक असतो. फिल्म लहान असल्याने पिक्सेल जास्त मिळतील, पण 8 बाय 10 ची कार्डशीट अजून कापायची आहे.